मॉनिटर मोठा, चित्र धूसर

सत्तावीस इंची मॉनिटर घरी येतो. खोक्यावर २५६० × १४४० असे ठळक छापलेले असते. जुन्या लॅपटॉपला एचडीएमआय नाही, म्हणून दुकानदार तीन-चारशे रुपयांचा एक अडॅप्टर सोबत देतो. जोडणी होते, चित्र येते, आणि मग लक्षात येते की अक्षरे फुगीर आणि कडा पुसट आहेत. सेटिंग्जमधली रिझोल्युशनची यादी १९२० × १०८० वर संपते आणि त्यावरचा पर्यायच दिसत नाही. दुकानदार सांगतो, ड्रायव्हर नवा टाका. ओळखीतला ‘कॉम्प्युटरवाला’ सांगतो, विंडोज नव्याने घाला. या दोन सल्ल्यांत लोकांचे कित्येक रविवार गेले आहेत. बहुतेक वेळा दोष यांपैकी कशातच नसतो, तर मधल्या त्या छोट्या डबीत किंवा तारेत असतो. तो नेमका कुठे आहे, हे नवे काही विकत न घेता घरच्या घरी शोधता येते.

आधी पुसटपणाचे कारण पाहू. पडद्यावर आडव्या ओळीत २५६० ठिपके पक्के बसवलेले असतात, ते कमी-जास्त होत नाहीत. संगणकाकडून मात्र १९२०च येतात. म्हणजे दर तीन ठिपक्यांचा मजकूर मॉनिटरला चार ठिपक्यांवर पसरवावा लागतो. तीनाचे चार करताना काही ठिपक्यांना शेजाऱ्यांच्या रंगाची सरासरी मिळते. ‘ष’ किंवा ‘क्ष’सारख्या दाटीच्या अक्षरांत हे सर्वांत आधी जाणवते. सिनेमा पाहताना कदाचित कुणाला कळणारही नाही.

इथे एक फसगत होते. विंडोजच्या `Advanced display` या पानावर दोन ओळी असतात, `Desktop mode` आणि `Active signal mode`. पहिली म्हणजे संगणकाने मनात आखलेला पडदा, दुसरी म्हणजे तारेतून खरोखर बाहेर पडणारा संकेत. पहिल्या ओळीत २५६० आणि दुसऱ्या ओळीत १९२० असे असू शकते, कारण ग्राफिक्स कार्ड आतल्या आत चित्र आखडून पाठवते. म्हणून विश्वास दुसऱ्या ओळीवर ठेवावा. त्याहून खात्रीचे म्हणजे मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडून माहितीचे पान पाहणे. आपल्याला काय मिळते आहे, हे तिथे मॉनिटर स्वतः सांगतो.

आता ती यादी तयार कशी होते ते पाहू. संगणक ती मनाने करत नाही. तार जोडली की तो मॉनिटरला विचारतो, तू कोण आणि काय काय दाखवू शकतोस? उत्तरादाखल मॉनिटर एक छोटी फाइल देतो. तिचे नाव ईडीआयडी, आणि ती म्हणजे मॉनिटरचे ओळखपत्रच. मूळ पान अवघे १२८ बाइटचे असते. आधुनिक मॉनिटर त्याला आणखी १२८ बाइटचे जोडपत्र लावतात. कंपनीचे तीन अक्षरी नाव, बनावटीचे वर्ष, चालणारी रिझोल्युशने आणि सर्वांत आवडते रिझोल्युशन त्यात असते. एलजीच्या मॉनिटरमध्ये कंपनीचे नाव म्हणून आजही `GSM` सापडते. हा त्या कंपनीच्या जुन्या ‘गोल्डस्टार’ नावाचा अवशेष.

हे ओळखपत्र मॉनिटरमधल्या एका छोट्या चिपमध्ये असते. ते वाचण्यासाठी चित्राच्या तारांपेक्षा वेगळ्या दोन बारीक तारा असतात. एचडीएमआयमध्ये त्या १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवर असतात, आणि १८ क्रमांकाच्या पिनेवरून संगणक पाच व्होल्ट पुरवतो. चित्र एका वाटेने जाते आणि ओळख दुसऱ्या वाटेने येते, हे लक्षात ठेवले की पुढचा सगळा गुंता सुटतो.

ओळखपत्र वाचून झाले की संगणक दुसरे काम करतो. मॉनिटरने सांगितलेल्या प्रत्येक रिझोल्युशनला किती वेग लागेल हे तो मोजतो, आणि आपले पोर्ट व मधला अडॅप्टर तेवढा वेग झेपवतील का ते तपासतो. जे झेपणार नाही ते तो यादीतून काढून टाकतो, तेही मुकाट्याने. पडद्यावर त्याबद्दल एक शब्द येत नाही. सगळी डोकेदुखी या मुकेपणातून सुरू होते.

हा हिशेब आपणही करू शकतो. २५६० × १४४० च्या चित्राभोवती थोडी न दिसणारी किनार पाठवावी लागते. ती धरून एक चौकट २७२० × १४८१ ठिपक्यांची होते. सेकंदाला साठ चौकटी म्हटल्या की सुमारे २४ कोटी १५ लाख ठिपके, म्हणजेच २४१.५ मेगाहर्ट्झ. १९२० × १०८० ला हाच आकडा १४८.५ येतो. मधे एक सीमारेषा आहे, १६५ मेगाहर्ट्झची. डीव्हीआयच्या एकेरी जोडणीची ही मर्यादा १९९९ साली ठरली, एचडीएमआयच्या पहिल्या आवृत्तीने ती तशीच उचलली, आणि २००६ मध्ये आवृत्ती १.३ ने ती ३४० वर नेली. जुनी मर्यादा त्यानंतर संपायला हवी होती, पण स्वस्त अडॅप्टरांच्या पोटात ती अजून सुखाने नांदते आहे.

नेहमी आढळणारे उदाहरण म्हणजे डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयवर नेणारा साधा अडॅप्टर. यात खरे तर काही रूपांतर होतच नाही. लॅपटॉपचे पोर्ट स्वतःच एचडीएमआय पद्धतीचा संकेत पाठवते आणि अडॅप्टर फक्त त्याची विद्युत पातळी बदलतो. अशा अडॅप्टरांचे दोन प्रकार ठरलेले आहेत. पहिल्या प्रकाराची हमी १६५ मेगाहर्ट्झपर्यंत असते. दुसरा प्रकार ३०० पर्यंत जातो आणि आपली क्षमता एका छोट्या नोंदीत लिहून ठेवतो. अडॅप्टरने काहीच सांगितले नाही तर सावध ड्रायव्हर त्याला पहिल्या प्रकाराचा मानतो. इंटेलचा लिनक्सवरचा ड्रायव्हर नेमके असेच करतो. २४१.५ हे १६५ पेक्षा जास्त, म्हणून १४४० बाद. १४८.५ कमी, म्हणून १०८० शिल्लक. आपली यादी १०८० वर का थांबली, याचे उत्तर बहुतेकदा या एका वजाबाकीत असते.

पण अंदाज वेगळा आणि पुरावा वेगळा. पुरावा ईडीआयडी वाचून मिळतो. लिनक्सवर हे फार सोपे आहे. जोडणीचे नाव आणि कार्डाचा क्रमांक प्रत्येक यंत्रावर वेगळा असतो, म्हणून आधी `ls /sys/class/drm` करून ते पाहून घ्यावे.

```
xrandr --query
edid-decode /sys/class/drm/card0-HDMI-A-1/edid
```

पहिली आज्ञा गाळून उरलेली यादी दाखवते आणि दुसरी मॉनिटरने मुळात काय सांगितले ते. विंडोजवर ‘मॉनिटर अ‍ॅसेट मॅनेजर’ हा लहानसा प्रोग्राम दुसरे काम करतो. मात्र त्यात ‘रिअल-टाइम’ असे लिहिलेली नोंदच निवडावी, कारण विंडोज पूर्वी जोडलेल्या मॉनिटरांची ओळखपत्रेही रजिस्ट्रीत साठवून ठेवते आणि माणूस भलत्याचेच वाचत बसतो.

ईडीआयडीच्या ५४व्या बाइटपासून १८ बाइट आवडत्या रिझोल्युशनचे असतात. मोजणी शून्यापासून करायची. आपल्या मॉनिटरचे पहिले आठ बाइट असे दिसतात:

```
56 5e 00 a0 a0 a0 29 50
```

पहिली जोडी उलटी वाचायची, `5e56`. सोळाच्या पाढ्यातून नेहमीच्या आकड्यांत आणले की २४१५० मिळतात. एकक दहा किलोहर्ट्झचे, म्हणजे २४१.५ मेगाहर्ट्झ. मघाशी कागदावर काढलेला आकडा मॉनिटरच्या पोटात जसाच्या तसा सापडतो. पुढच्या तीन बाइटांत २५६० आणि १६०, त्यापुढच्या तीनांत १४४० आणि ४१ दडलेले आहेत. त्यांची बेरीज केली की २७२० आणि १४८१.

आता दोन्ही आज्ञांची उत्तरे शेजारी ठेवायची. इथे तीन वाटा फुटतात.

ईडीआयडीत २५६० × १४४० आहे पण यादीत नाही, अशी स्थिती असेल तर मॉनिटर निर्दोष आहे, ओळखीची वाट निर्दोष आहे, आणि गाळणी वेगाच्या कारणाने झाली आहे. अडॅप्टर, लॅपटॉपचे पोर्ट किंवा मधली जोडणी यांपैकी एकाची धाव कमी पडते. ड्रायव्हर नव्याने टाकून यात फरक पडत नाही.

ईडीआयडीतच वरची पायरी १०८० असेल तर प्रश्न वेगळा. कुणीतरी दुसरेच ओळखपत्र दाखवत आहे. दोन संगणकांना एक मॉनिटर जोडणारा स्विच किंवा एका चित्राचे दोन करणारा स्प्लिटर मधे असेल, तर तो अनेकदा आपलेच सर्वसाधारण ओळखपत्र पुढे करतो. कंपनीच्या तीन अक्षरांवरून ते लगेच कळते. अक्षरे मॉनिटरच्या कंपनीचीच असतील, तर मॉनिटरचे ते विशिष्ट पोर्ट तपासावे. प्रत्येक पोर्टचे ओळखपत्र स्वतंत्र असते, आणि काही जुन्या मॉनिटरांत डिस्प्लेपोर्टला पूर्ण रिझोल्युशन दिले जाई, पण एचडीएमआयला फक्त १०८०. काहींच्या मेनूत एचडीएमआयची आवृत्ती निवडण्याचा पर्यायही असतो आणि तो जुन्या आवृत्तीवर राहिलेला असतो.

तिसरी वाट सर्वांत सहज ओळखू येते. ईडीआयडी रिकामी किंवा मोडकी, मॉनिटरचे नाव गायब, विंडोजमध्ये `Generic Non-PnP Monitor`, आणि रिझोल्युशन १०२४ × ७६८च्या आसपास अडकलेले. म्हणजे ओळखीची वाट तुटली आहे. समोर कोण आहे हेच न कळल्याने संगणक सर्वांना चालेल असे काहीतरी पाठवतो. स्वस्त व्हीजीए केबलींत हा प्रकार नेहमीचा, कारण काहींत ओळखीच्या तारा, म्हणजे १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना, जोडलेल्याच नसतात. चित्र त्यांच्याशिवायही येते, त्यामुळे केबल ‘चालते’ असे दुकानात सिद्धही होते!

लांब केबलचे दुखणे याच तिसऱ्या वाटेशी जोडलेले आहे, आणि त्याबद्दल गैरसमज फार. सभागृहात किंवा वर्गात पंधरा मीटरची एचडीएमआय केबल टाकली आणि रिझोल्युशन घसरले, तर लोक म्हणतात की लांबीमुळे वेग कमी झाला म्हणून संगणकाने रिझोल्युशन उतरवले. नेहमीच्या एचडीएमआयमध्ये तसे होत नाही. आवृत्ती २.० पर्यंतच्या पद्धतीत पलीकडे चित्र नीट पोहोचले का, हे संगणक विचारतच नाही. तो पाठवत राहतो. केबल कमी पडली तर पडद्यावर पांढरे-रंगीत ठिपके चमकतात, चित्र मधूनच काळे होते, किंवा संकेतच मिळत नाही. यादी मात्र जशीच्या तशी राहते.

मग लांब केबलवर यादी छोटी का होते? कारण ओळखीच्या त्या दोन तारा. त्यांच्यावरून माहिती अगदी संथ जाते, सेकंदाला जेमतेम एक लाख बिट, पण तारेची विद्युत धारकता वाढली की संकेताच्या कडा सुस्तावतात. एचडीएमआयच्या नियमात केबलसाठी ही मर्यादा ७०० पिकोफॅरड आहे. बारीक, लांब आणि स्वस्त केबल ती सहज ओलांडते. मग १२८ बाइटांतला एखादा चुकीचा वाचला जातो. शेवटचा बाइट असा ठरवलेला असतो की सगळ्या १२८ ची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी. एक बाइट चुकला की हा मेळ बसत नाही आणि संगणक सगळे पान नाकारू शकतो. लिनक्सच्या नोंदवहीत तेव्हा `checksum is invalid` असे शब्द दिसतात. `dmesg | grep -i edid` ने ते शोधता येतात.

कधी पहिले पान नीट येते आणि जोडपत्र बिघडते. ही स्थिती अधिक फसवी असते. समोरचा मॉनिटर एचडीएमआयचा आहे हे जोडपत्रातच लिहिलेले असते. ते हरवले की इंटेलच्या लिनक्स ड्रायव्हरसारखे ड्रायव्हर त्याला डीव्हीआय समजतात, आणि मग तीच जुनी १६५ ची मर्यादा पुन्हा लागू होते. लक्षण एकच, यादी १०८० वर थांबते. फरक इतकाच की मॉनिटरच्या स्पीकरमधून येणारा आवाजही त्याच वेळी बंद पडतो. रिझोल्युशन आणि आवाज एकदमच गेले असतील, तर अडॅप्टरला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी.

याची तपासणी सोपी आहे. लहान, एक-दोन मीटरची केबल लावून ईडीआयडी एका फाइलीत उतरवावी. मग लांब केबल लावून पुन्हा उतरवावी. दोन्ही फाइली जुळल्या तर ओळखीची वाट ठीक आहे.

```
cat /sys/class/drm/card0-HDMI-A-1/edid > lahan.bin
cat /sys/class/drm/card0-HDMI-A-1/edid > lamb.bin
cmp lahan.bin lamb.bin
```

दुसरी ओळ केबल बदलल्यानंतर द्यायची, हे सांगायला नकोच. `cmp` काहीच बोलले नाही तर फाइली तंतोतंत सारख्या आहेत. फक्त दोन्ही फाइली रिकाम्या नाहीत ना, तेवढे पाहून घ्यावे. दोन रिकाम्या फाइलीही एकमेकींशी जुळतातच.

डिस्प्लेपोर्टची रीत वेगळी आहे. तिथे चित्र पाठवण्याआधी दोन्ही टोके वेगाची चाचणी घेतात. वरचा वेग जमला नाही तर एक पायरी खाली येतात आणि त्या वेगात न बसणारी रिझोल्युशने गाळली जातात. म्हणून ‘खराब केबलमुळे रिझोल्युशन उतरले’ हे वाक्य डिस्प्लेपोर्टच्या बाबतीत अक्षरशः खरे असू शकते. यूएसबी-सीच्या छोट्या हबमध्येही आत डिस्प्लेपोर्टच धावत असते. तिथे चार मार्गिका असतात, पण हबला वेगवान यूएसबीही द्यायचे असल्याने त्यातल्या दोनच चित्रासाठी उरतात. २.७ गिगाबिटच्या दोन मार्गिकांतून प्रत्यक्ष ४.३२ गिगाबिट चित्र जाते. आपल्या मॉनिटरला २४१.५ ला २४ ने गुणून सुमारे ५.८ गिगाबिट हवेत, म्हणजे ते बसत नाही. मार्गिका ५.४ गिगाबिटच्या असतील तर ८.६४ मिळतात आणि आरामात बसते. जुना लॅपटॉप किंवा कमअस्सल केबल यांमुळे मार्गिका खालच्या पायरीवर अडकली, तर नव्या कोऱ्या हबवरही यादी १०८० वरच थांबते.

दोष वेगाचा आहे हे ठरल्यावर उपाय दोनच, जास्त वेगाचा अडॅप्टर किंवा कमी मागणी. दुसरा उपाय फारसा कुणी सांगत नाही, म्हणून तो इथे सविस्तर. सेकंदाला साठऐवजी चाळीस चौकटी पाठवल्या तर २७२० × १४८१ × ४० म्हणजे सुमारे १६१ मेगाहर्ट्झ होतात. हे १६५ च्या आत बसते. लिनक्सवर, डेस्कटॉप एक्स-ऑर्गवर चालत असेल तर, ते असे मागता येते. वेलँडवर ही आज्ञा लागू पडत नाही.

```
xrandr --newmode "2560x1440_40" 161.00 2560 2608 2640 2720 1440 1443 1448 1481 +hsync -vsync
xrandr --addmode HDMI-1 "2560x1440_40"
xrandr --output HDMI-1 --mode "2560x1440_40"
```

विंडोजवर ‘कस्टम रिझोल्युशन युटिलिटी’ हा मोफत प्रोग्राम हेच करतो. चाळीसच्या वेगात माऊस किंचित अडखळल्यासारखा वाटतो, पण लेख टंकणाऱ्याला किंवा हिशेबाच्या तक्त्यांत बुडालेल्याला स्वच्छ अक्षर जास्त मोलाचे. मात्र आधी ईडीआयडीत मॉनिटरची किमान मर्यादा पाहावी. `edid-decode` च्या उत्तरात `Display Range Limits` च्या ओळीत ती मिळते. तिथे किमान ५० हर्ट्झ लिहिले असेल तर मॉनिटर चाळीसचा संकेत नाकारू शकतो. नाकारला तर पडदा काळा होतो आणि विंडोज पंधरा सेकंदांनी आपोआप मागे येते. लिनक्सवर जुन्या रिझोल्युशनची आज्ञा टंकून आधीच तयार ठेवावी.

साठच्या वेगात पूर्ण १४४० जबरदस्तीने लावण्याचा सल्लाही दिला जातो. पहिल्या प्रकारचे काही अडॅप्टर हमीपलीकडे जाऊन २४१.५ झेपवतातही. पण त्यात नशिबाचा भाग मोठा. आज चाललेले उन्हाळ्यात ठिपके मारू लागते. तसेच, खोटी ईडीआयडी देणारे दहा-पंधरा ग्रॅमचे ‘एम्युलेटर’ फक्त तिसऱ्या वाटेच्या रोगावर, म्हणजे ओळख हरवण्यावर, उपयोगी पडतात. ते तारेचा वेग वाढवत नाहीत. वेगाच्या दोषावर ते विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

राहता राहिली खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अडॅप्टर मागताना ‘फोर-के चालेल ना?’ एवढेच विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’च येते. खोक्यावर ‘फुल एचडी’ किंवा ‘१०८० पी’ एवढेच असेल, तर तो अडॅप्टर १६५ चा समजून परत ठेवावा. ‘फोर-के, ३० हर्ट्झ’ असे असेल तर तो २५६० × १४४० ला साठच्या वेगात पुरतो, कारण फोर-के तीसला २९७ मेगाहर्ट्झ लागतात आणि आपल्याला २४१.५ हवेत. फोर-के साठला ५९४ लागतात; ती जास्तीची किंमत या मॉनिटरसाठी मोजण्याची गरज नाही. लांब केबल हवीच असेल तर प्रकाशतंतूची घ्यावी, आणि तिच्या दोन टोकांवर ‘सोर्स’ व ‘डिस्प्ले’ असे लिहिलेले असते ते भिंतीत गाडण्याआधी पाहून घ्यावे, कारण ती उलटी लावली तर चालत नाही.

आणि बिल घ्यावे, त्यावर २५६० × १४४०, ६० हर्ट्झ असे लिहून घ्यावे. घरी यादी १०८० वर थांबली तर परत करताना वाद घालावा लागत नाही.